न काढलेल्या बाणांच्या टेस्ट केसेस

प्रश्न: मी दोन वर्षांपासून टेस्टिंगमध्ये आहे. सध्याच्या प्रोजेक्टला वेगळं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नाही, बिझनेस ॲनालिस्टने केलेली सतरा स्लाइड्सची पीपीटी आहे तेवढीच. विषय रजेच्या अर्जाचा. चौथ्या स्लाइडवर वर्कफ्लो आहे: कर्मचारी अर्ज भरतो, व्यवस्थापक मंजूर किंवा नामंजूर करतो, रजा 5 दिवसांपेक्षा जास्त असेल तर एचआरची मंजुरी, मग शिल्लक रजेतून वजावट आणि मेल. बाकी स्लाइड्सवर मुद्दे. नवव्यावर 'कर्मचारी आपला अर्ज रद्द करू शकेल' एवढंच वाक्य. मी प्रत्येक मुद्द्याची एक बरोबर डेटाची आणि एक चुकीच्या डेटाची केस लिहिली. 62 केसेस झाल्या, सगळ्या पास. यूएटीत पहिल्याच दिवशी तीन मोठे बग निघाले, तिन्ही रद्द केलेल्या अर्जांचे. लीड म्हणतात केसेस वाढव. ॲनालिस्टना विचारलं तर 'स्लाइडमध्ये आहे की सगळं' असं उत्तर येतं. नीट डॉक्युमेंट मिळेपर्यंत अडून बसू, की निमूटपणे केसेस वाढवू?

— नाव न छापण्याची विनंती

उत्तर: दोन्ही नको. केसेस वाढवल्यात तर त्याच मुद्द्यांच्या भोवती आणखी साठ केसेस होतील, कारण त्या येणार त्याच स्लाइड्समधून. आणि अडून बसलात तर सतरा स्लाइड्सचा मजकूर लांब वाक्यांत लिहिलेलं चाळीस पानी डॉक्युमेंट हाती पडेल. रद्द केलेल्या अर्जाचं काय होतं हे ज्यांनी ठरवलंच नाही, ते वर्डमध्येही ठरवणार नाहीत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती आधी तपासू. तुम्ही मुद्द्यागणिक केस लिहिलीत, म्हणजे स्लाइडवर जे लिहिलंय तेच टेस्ट करायचं असं मानलंत. पण वर्कफ्लोची स्लाइड बहुतेक वेळा मंजुरीच्या बैठकीसाठी केलेली असते. सगळं सुरळीत चाललं तर काय होतं, तेवढंच ती दाखवते. डेव्हलपरही तीच स्लाइड बघून कोड लिहितो. म्हणजे काढलेल्या बाणांकडे त्याचंही लक्ष गेलेलं असतं आणि तुमचंही. कोणीच न काढलेला बाण प्रत्यक्ष वापरणारा माणूस मात्र पहिल्या दिवशी वापरतो. तुमचे तिन्ही बग तिथलेच आहेत हा योगायोग नाही.

तेव्हा केस लिहायच्या आधी स्लाइडचा तक्ता करा. या तंत्राला स्टेट ट्रांझिशन टेस्टिंग म्हणतात. ते आयएसटीक्यूबीच्या फाउंडेशन अभ्यासक्रमात आहे, त्यामुळे लीडनाही नवं नसणार. अडचण तंत्राची नसते, स्लाइडवरून तक्त्यापर्यंत येताना लोक घसरतात. ती जागा नीट दाखवतो.

स्लाइडवरच्या चौकटी पुन्हा बघा. 'अर्ज भरतो', 'मंजूर करतो', 'वजा होते' या सगळ्या कृती आहेत. आपल्याला हव्यात त्या अर्जाच्या स्थिती, आणि त्या चौकटींत लिहिलेल्या नसतात, दोन चौकटींच्या मधल्या बाणावर असतात. प्रत्येक बाणावर बोट ठेवा आणि विचारा: या क्षणी सगळे संगणक बंद करून घरी गेले, तर अर्ज रात्रभर कोणत्या अवस्थेत पडून राहील? भरलेला पण पाठवला नाही, तर मसुदा. पाठवला, तर व्यवस्थापकाकडे. पुढे एचआरकडे, मंजूर, नामंजूर. आणि नवव्या स्लाइडवरच्या त्या एका वाक्यातून येणारी सहावी स्थिती, रद्द. चौथ्या स्लाइडवर तिची चौकटही नाही आणि बाणही नाही. हे दिसलं की अर्धं काम झालं.

आता स्थिती उभ्या लिहा आणि अर्जावर होऊ शकणाऱ्या क्रिया आडव्या. स्लाइडवर आहे तेवढंच भरा, मनाने काही नको.

| स्थिती | सादर करणे | मंजूर करणे | नामंजूर करणे | रद्द करणे | दुरुस्त करणे |
|---|---|---|---|---|---|
| मसुदा | व्यवस्थापकाकडे | | | | |
| व्यवस्थापकाकडे | | मंजूर किंवा एचआरकडे | नामंजूर | | |
| एचआरकडे | | मंजूर | नामंजूर | | |
| मंजूर | | | | | |
| नामंजूर | | | | | |
| रद्द | | | | | |

तीस रकाने आहेत, पाच भरले. तुमच्या 62 केसेसपैकी फॉर्मच्या फील्डच्या सोडल्या, तर उरलेल्या बहुधा याच पाच रकान्यांत दाटीवाटीने बसल्या असतील. पंचवीस रकान्यांत काय होतं हे कोणी ठरवलेलं नाही, पण सॉफ्टवेअर त्या प्रत्येक रकान्यात काही ना काही करतंच. दुरुस्तीचा रकाना मी मुद्दाम धरला आहे. स्लाइडवर त्याचा उल्लेख नसेल, पण पडद्यावर 'एडिट' बटण आहे का ते बघा. असेल, तर ते कोणत्या स्थितीत दिसतं हे डेव्हलपरने स्वतःच्या मनाने ठरवलेलं आहे.

प्रत्येक मोकळ्या रकान्याला चारपैकी एक खूण द्या. एक, क्रिया चालते आणि अर्ज अमुक स्थितीत जातो. दोन, नकार मिळतो आणि अमुक संदेश दिसतो. तीन, पडद्यावरून ती क्रिया शक्यच नाही. चार, माहीत नाही. चौथी खूण द्यायला लाजू नका. आपल्या क्षेत्रात अनुभवी माणसाचं मन तिथे लगेच तर्क लढवतं, 'मंजूर झालेला अर्ज रद्द होत असणारच'. मग तो तर्क केसमध्ये अपेक्षित निकाल म्हणून जाऊन बसतो. डेव्हलपरचा तर्कही तोच असेल तर केस पास होते आणि ग्राहकाला भलतंच हवं असतं.

रद्द करण्याचा एकच उभा स्तंभ घेऊन बघू. व्यवस्थापकाकडे असलेला अर्ज रद्द केला, तर तो त्यांच्या यादीतून जातो का? एचआरकडे असताना रद्द केला, तर आधी मंजुरी देऊन बसलेल्या व्यवस्थापकांना कळवायचं का? नामंजूर अर्ज रद्द करता येतो का, आणि आला तर अहवालात तो कुठे मोजायचा? मसुदा रद्द करणं म्हणजे पुसून टाकणं, की त्याची नोंद ठेवायची? रद्द झालेल्या अर्जावर पुन्हा 'रद्द करा' दाबलं तर? हे शेवटचं वेडगळ वाटेल. पण नेट अडखळलं की माणूस बटण दोनदा दाबतोच, आणि तेव्हा शिल्लक दोनदा परत जमा झाली तर बग गंभीर आहे.

मंजूर अर्जाचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो एकटा नाही. रजा सुरू व्हायच्या आधी रद्द, रजेच्या मधल्या दिवशी रद्द आणि रजा संपल्यावर रद्द, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पूर्ण शिल्लक परत यावी. दुसऱ्यात बहुधा उरलेल्या दिवसांचीच. तिसऱ्यात काहीच नाही, किंवा फक्त एचआरला तो हक्क. 'बहुधा' म्हणतोय कारण हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि दोघांनीही ते ठरवायचं नाही.

ते ठरवणार ॲनालिस्ट, आणि इथे तुमची तक्रार येते. 'नववी स्लाइड स्पष्ट करा' असं विचारलं तर 'आहे की सगळं' हेच उत्तर येणार. त्यांच्या डोक्यात खरंच सगळं आहे आणि तुमच्या प्रश्नात धरायला काही नाही. प्रश्न उदाहरणासकट विचारा: 'शिल्लक 10 दिवस. पुढच्या सोमवार ते गुरुवार अशी 4 दिवसांची रजा मंजूर झाली, शिल्लक 6 झाली. कर्मचाऱ्याने मंगळवारी संध्याकाळी अर्ज रद्द केला. आता शिल्लक किती दिसायला हवी: 10, 8 की 6?' याला 'स्लाइडमध्ये आहे' म्हणता येत नाही, एक आकडा सांगावाच लागतो. पुष्कळदा उत्तराऐवजी 'अरे, हे विचारून सांगतो' असं येतं. तसं आलं की समजा, तुम्ही कोड चालवायच्या आधीच बग पकडलात.

प्रश्न एकेक करून चॅटवर टाकू नका. सगळा तक्ता समोर ठेवून एक छोटी बैठक घ्या. मोकळे रकाने डोळ्यांना दिसले की वाद कमी होतो. मिळालेलं उत्तर रकान्याच्या नावानिशी, तारखेनिशी लिहून ठेवा आणि स्लाइडमध्ये ती ओळ घालायची विनंती करा. ओळ नाही घातली, तरी तुमच्या केसला आधार म्हणून ही नोंद पुरते.

दुसरी जागा म्हणजे चौथ्या स्लाइडवरचा '5 दिवसांपेक्षा जास्त' हा निर्णय दाखवणारा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन. इथे बाउंड्री व्हॅल्यू तुम्ही केलीच असणार, 5 दिवसांची रजा थेट मंजूर आणि 6 दिवसांची एचआरकडे. अर्ध्या दिवसाची रजा घेता येत असेल तर 6 ऐवजी साडेपाच घ्या, कारण 5 च्या लगेच पुढचा आकडा तोच. पण सीमारेषेवरचे आकडे बरोबर निवडूनही केस पोकळ राहू शकते. मोजतोय काय, तेच स्लाइडवर नाही. आठवडी सुट्टी शनिवार-रविवारी असेल, तर गुरुवार ते पुढचा बुधवार ही रजा कॅलेंडरने 7 दिवसांची आणि कामाच्या दिवसांनी 5 दिवसांची. एका मोजणीने एचआरकडे जाईल, दुसऱ्या मोजणीने जाणार नाही. सोमवार ते शुक्रवार असा 5 दिवसांचा डेटा घेतलात तर दोन्ही मोजण्यांत उत्तर तेच येतं, केस पास होते आणि काहीच सिद्ध होत नाही. डेटा असा निवडावा की दोन अर्थ लावता येत असतील तर त्या दोन अर्थांचे निकाल वेगळे यावेत. हे जमलं तर तुमच्या अर्ध्या केसेस न लिहिताही चालतील.

त्याच हिऱ्यातून आणखी दोन प्रश्न निघतात. कोणी 3-3 दिवसांचे दोन लागोपाठ अर्ज दिले तर एचआरची पायरी चुकवता येते का? आणि 4 दिवसांचा अर्ज मंजूर झाल्यावर त्यात दुरुस्ती करून तो 8 दिवसांचा केला तर तो पुन्हा सुरुवातीपासून जातो का? पहिला बग नसून धोरणाचा प्रश्न आहे, तो विचारून सोडून द्या. दुसऱ्याचा मात्र पिच्छा सोडू नका.

आता केस चालवण्याबद्दल, कारण नकाराच्या रकान्यांत इथेच फसगत होते. 'रद्द झालेला अर्ज मंजूर करता येत नाही' ही केस पुष्कळ जण अशी लिहितात: अर्ज रद्द करा, व्यवस्थापक म्हणून लॉगिन करा, 'मंजूर करा' बटण दिसत नाही हे बघा, पास. बटण लपलंय एवढंच यातून कळतं. खरी केस अशी लिहा:

पूर्वस्थिती: कर्मचाऱ्याची शिल्लक 10, त्याचा 3 दिवसांचा अर्ज व्यवस्थापकाकडे.
पायरी 1: एका ब्राउझरमध्ये व्यवस्थापक म्हणून अर्ज उघडा आणि पान तसंच राहू द्या.
पायरी 2: दुसऱ्या ब्राउझरमध्ये कर्मचारी म्हणून तोच अर्ज रद्द करा.
पायरी 3: पहिल्या ब्राउझरवर या, पान रिफ्रेश न करता 'मंजूर करा' दाबा.
अपेक्षित: अर्ज रद्द झाल्याचा संदेश दिसतो, अर्जाची स्थिती रद्दच राहते, शिल्लक 10 च राहते, मंजुरीचा मेल जात नाही.
आधार: स्लाइड 9, पीपीटीची अमुक आवृत्ती, तक्त्यातला रद्द-मंजूर रकाना, ॲनालिस्टच्या उत्तराची तारीख.

अपेक्षित निकालात चार गोष्टी आहेत, त्या चारही तपासायच्या. पडद्यावर बरोबर संदेश आला आणि मागे शिल्लक 7 झाली, असं प्रत्यक्षात घडतं. स्थिती तपासणारा कोड एकीकडे आणि वजावट करणारा कोड दुसरीकडे असला की हेच होतं. एपीआयपर्यंत हात पोचत असेल तर पायरी 3 ऐवजी मंजुरीची रिक्वेस्ट थेट पाठवा. सर्व्हरने ती नाकारली पाहिजे. अशा वेळी `409 Conflict` देण्याची पद्धत आहे, तुमच्या टीमने वेगळा कोड ठरवला असेल तर तो. पण `200 OK` आला तर बटण लपवलेलं असूनही बग आहे.

'मंजूर' आणि 'नामंजूर' याच दोन क्रियांसाठी मेलमधली लिंकही तपासा. व्यवस्थापकाला आलेल्या जुन्या मेलमधून, दोन दिवसांनी, अर्जाची स्थिती बदलल्यावर क्लिक केलं तर काय होतं? वर्कफ्लोच्या स्लाइडवर मेल हा नेहमी शेवटचा चौकोन असतो, त्याच्यापुढे बाण नसतो. प्रत्यक्षात तिथून माणूस परत आत येतो.

नकाराची एक केस म्हणजे नकाराचा एकच प्रयत्न, हे पाळा. एकाच केसमध्ये रद्द अर्ज आधी दुरुस्त करून बघायचा, मग मंजूर करून बघायचा, मग पुन्हा सादर करून, असं केलंत तर पहिल्या प्रयत्नातच काहीतरी बिघडतं आणि पुढचा बग त्याच्याआड लपतो. भरलेल्या रकान्यांतल्या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या मात्र खुशाल जोडून एका लांब केसमध्ये घ्या. मसुद्यापासून एचआरच्या मंजुरीपर्यंत एक केस पुरते.

या तक्त्याच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही सगळ्याच गोष्टींचा तक्ता करत बसाल. हा तक्ता एका अर्जाचा आहे. दोन अर्ज एकमेकांना कसे नडतात हे त्यात दिसत नाही. शिल्लक 6 असताना 4-4 दिवसांचे दोन अर्ज एकापाठोपाठ सादर करा. सादर करताना शिल्लक तपासली जात असेल तर दोन्ही पुढे जातील, कारण वजावट मंजुरीनंतर होते. दोन्ही मंजूर झाले की शिल्लक उणे 2. चौथ्या स्लाइडवर वजावट कधी होते ते आहे, शिल्लक कधी तपासायची ते नाही. हे शोधायला 'शिल्लक' या वस्तूचा वेगळा, छोटा विचार करावा लागतो: तिला कोणकोणत्या क्रिया हात लावतात, आणि त्यांतल्या दोन क्रिया एकाच वेळी आल्या तर?

क्रिया कोण करतो हेही तक्त्यात नाही. व्यवस्थापकाने स्वतःच रजा टाकली तर ती त्याच्याकडेच मंजुरीला येते का, ही केस वेगळी लिहा. प्रत्येक रकान्यात प्रत्येक भूमिका तपासायची गरज नाही. मंजुरीच्या क्रियेशी चुकीचा माणूस, म्हणजे अर्जदार स्वतः, दुसऱ्या टीमचा व्यवस्थापक आणि आपल्या पायरीआधीच मंजुरी देणारा एचआर, एवढं तपासलं तरी पुष्कळ. आणि स्थिती दहा-बाराच्या वर गेल्या तर तक्ता फोडा. बहुतेक वेळा एका स्लाइडमध्ये दोन वस्तूंचे प्रवास गुंतलेले असतात, ते सुटे केले की दोन्ही लहान होतात.

लीडशी बोलताना केसेसच्या आकड्यावर जाऊ नका. तक्ता दाखवा आणि सांगा, तीसपैकी इतके रकाने तपासले, इतक्यांना उत्तर नाही, आणि हे तीन यूएटीचे बग या या रकान्यांतले. '62 च्या 120 केल्या' यापेक्षा हे त्यांना वर सांगायलाही सोपं जातं. वेळ कमी असेल तर कोणते रकाने आधी घ्यायचे हे त्यांनाच विचारा. माझा कल विचाराल तर जिथे शिल्लक बदलते ते रकाने पहिले, जिथे मेल जातो ते नंतर, आणि मसुद्याच्या ओळीला सगळ्यात शेवटी हात.

पीपीटी बदलणार हे धरून चाला, तिच्या फाइलच्या नावात 'फायनल' दोनदा आलेलं असलं तरी. म्हणून केसच्या आधारात नुसता स्लाइड क्रमांक पुरत नाही. मध्ये एक स्लाइड घुसली की सगळे क्रमांक सरकतात. आवृत्तीची तारीख लिहा आणि स्लाइडवरचं मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवा. नवी आवृत्ती आली की आधी तक्ता बदला, मग ज्या रकान्यांचा मजकूर बदलला त्यांच्याच केसेस उघडा. उद्या ॲनालिस्ट 'परत पाठवा' असा नवा बाण काढतील, तेव्हा स्थिती तीच आहे की नवी, हा पहिला प्रश्न विचारा. आणि तो बाण अर्जाला मागे नेत असेल तर एकदा फिरवून थांबू नका, दुसऱ्यांदा फिरवून शिल्लक आणि मेल पुन्हा तपासा.